मेरोपेनेमने ताप उतरला, मग ते बदललं कशाला?

मांजराकाठची
सोमवार, रात्री ९:४०

सेकंड एमबीबीएसला आहे, लातूरला. फार्मकॉलॉजी चालू आहे आणि सकाळी मेडिसिनची वॉर्ड पोस्टिंग. एका पेशंटवरून आमच्या बॅचमध्ये दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतेय. ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

केज तालुक्यातल्या ५२ वर्षांच्या बाई. शुगर आणि बीपी दोन्ही आहेत. गोळ्या मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, टेल्मिसार्टन. दोन दिवस थंडी वाजून ताप, डाव्या कुशीत दुखणं, उलट्या. आल्या तेव्हा बीपी ८८/५४, नाडी १२४, क्रिएटिनिन १.८. दोन्ही हातांतून ब्लड कल्चर घेतलं, लघवीचं पाठवलं, सलाईन लावलं आणि तासाभरात मेरोपेनेम १ ग्रॅम दर आठ तासांनी सुरू केलं. दुसऱ्या रात्री ताप उतरला, बीपी सावरलं. सोनोग्राफीत डावी किडनी सुजलेली, पण खडा नाही, अडथळा नाही, पू नाही.

मग रक्त आणि लघवी दोन्हीत ई. कोलाय आला. रिपोर्टमध्ये आर म्हणजे औषध लागू नाही, एस म्हणजे लागू. अँपिसिलिन आर. सेफ्ट्रायॅक्सोन ०.२५ किंवा कमी, एस. मेरोपेनेम ०.२५ किंवा कमी, एस. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ४ किंवा कमी, एस. सिप्रोफ्लॉक्सासिन १, आर. कोट्रायमॉक्साझोल २० किंवा कमी, एस.

सरांनी राउंडला मेरोपेनेम काटलं, सेफ्ट्रायॅक्सोन २ ग्रॅम दिवसातून एकदा लिहिलं, खाली 'एकूण ७ दिवस' लिहिलं आणि पुढच्या बेडकडे गेले. विचारायची सोय नव्हती.

माझं म्हणणं, बाई मेरोपेनेमवर बऱ्या होत होत्या. चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची? आणि रक्तात जंतू सापडलेत तर सातच दिवस कसे? आमच्या नोट्समध्ये १० ते १४ आहे.

---

गोदाकाठचा
सोमवार, रात्री १०:१५

मी मेडिसिनला जेआर-वन आहे. डी-एस्कलेशन, म्हणजे रुंद औषधावरून अरुंद औषधावर उतरणं, करायचंच असतं, त्यात वाद नाही. पण एक पायरी उतरायची, एकदम तळाला नाही. मेरोपेनेमवरून मी पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमवर, म्हणजे पिपटॅझवर, आलो असतो, मग दोन दिवसांनी सेफ्ट्रायॅक्सोन.

आणि रिपोर्ट बघ ना. मेरोपेनेमचा आकडा सगळ्यात कमी आहे, कोट्रायमॉक्साझोलचा २०. आकडा जितका कमी तितकं औषध जोरदार. व्हायव्हात हेच विचारतात.

---

नांदेडची मीरा
सोमवार, रात्री १०:३२

फार्म-डी करतेय. गोदाकाठचे दादा, मग सिप्रोचा आकडा १ असून आर कसा, आणि कोट्रायमॉक्साझोलचा २० असून एस कसा? कमी आकडा म्हणजे जोरदार हे धरलं तर सिप्रो वीसपट भारी ठरेल.

---

पेट्रीडिश
सोमवार, रात्री ११:२०

मीराने बरोबर जागी बोट ठेवलं. मी मायक्रोबायोलॉजीत आहे, असे रिपोर्ट रोज सही करून पाठवते, आणि या आकड्यांची एकमेकांशी तुलना करून औषध निवडणारे फोन मला आठवड्याला येतात. त्यामुळे आधी हेच.

रिपोर्टमधला आकडा म्हणजे एमआयसी, जंतूची वाढ थांबवायला लागणारी औषधाची कमीत कमी पातळी. तो फक्त त्याच औषधाच्या ब्रेकपॉइंटशी, म्हणजे एस-आर ठरवणाऱ्या हद्दीशी ताडायचा, शेजारच्या औषधाशी नाही. एंटेरोबॅक्टेरेल्ससाठी, म्हणजे ई. कोलायच्या गटासाठी, सीएलएसआय या अमेरिकी मानक संस्थेच्या तक्त्यात सिप्रोची एसची हद्द ०.२५ आहे आणि १ पासून आर सुरू होतं. २०१९ मध्ये ती हद्द खाली आणली, त्याआधी हाच १ एस म्हणून गेला असता. सेफ्ट्रायॅक्सोनची एसची हद्द १, तुमच्या बाईंचा जंतू ०.२५ किंवा त्याहून खाली.

आता तो २०. कोट्रायमॉक्साझोलमध्ये दोन औषधं एकास एकोणीस या प्रमाणात तपासतात. मशीन दोघांची बेरीज छापतं. म्हणजे २० मधला १ ट्रायमेथोप्रिमचा आणि १९ सल्फामेथॉक्साझोलचा. एसची हद्द २ आणि ३८, बेरीज ४०. आकडा मोठा दिसतो एवढंच, जंतू आरामात हद्दीच्या आत आहे.

हद्दी वेगळ्या का, तर औषध रक्तात किती चढतं, किती वेळ टिकतं आणि त्यातलं प्रथिनांना न चिकटलेलं किती उरतं, हे प्रत्येकाचं निराळं आहे. फार्मकॉलॉजीवाल्यांनी सेफ्ट्रायॅक्सोनचा हिशोब एकदा हाताने करावा. निरोगी प्रौढाला २ ग्रॅम शिरेतून दिलं की अर्ध्या तासाला रक्तातली पातळी साधारण २५७ मिलिग्रॅम प्रति लिटर असते आणि २४ तासांनी, पुढचा डोस द्यायच्या वेळी, १५ उरते. त्या खालच्या पातळीला ९५ टक्के औषध अल्ब्युमिनला बांधलेलं असतं. मोकळं ५ टक्के, म्हणजे ०.७५. जंतूला थांबवायला लागतात फार तर ०.२५. म्हणजे दिवसातून एकदाच देऊन चोवीस तासांच्या अखेरच्या मिनिटालाही मोकळं औषध एमआयसीच्या तिप्पट आहे. सेफॅलोस्पोरिनला साधारण ६० ते ७० टक्के वेळ एमआयसीच्या वर राहिलं तरी चालतं. इथे शंभर टक्के मिळतंय.

मग मेरोपेनेम यात आणखी काय घालणार? मेलेल्याला पुन्हा मारता येत नाही.

सेप्सिसमध्ये अल्ब्युमिन उतरतं, वितरणाचं आकारमान वाढतं, त्यामुळे हे आकडे खऱ्या पेशंटमध्ये हलतात. पण तिपटीची फट त्या हलण्याला पुरते.

---

मांजराकाठची
मंगळवार, सकाळी ७:०५

मॅडम, हे समजलं. तरी एक अडतंय. सेफ्ट्रायॅक्सोन पुरेसं आहे हे मान्य. पण मेरोपेनेमने नुकसान काय होणार होतं? ते चालूच होतं, बाईंना काही त्रास नव्हता.

---

पेट्रीडिश
मंगळवार, दुपारी १:५०

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय.

पहिल्या रात्री मेरोपेनेम दिलं ते योग्यच होतं, यावर कुणी शंका घेऊ नये. बीपी ८८, मधुमेह, आणि आपल्याकडच्या रुग्णालयांत सेफ्ट्रायॅक्सोनला दाद न देणारे ई. कोलायच जास्त. आयसीएमआरचे वार्षिक अहवाल काढून बघ, हेच चित्र दिसेल. शॉकमधल्या पेशंटला पहिलं औषध लागू पडलंच पाहिजे, तिथे कंजुषी नाही. त्या रात्री मेरोपेनेम हे एका प्रश्नाचं उत्तर होतं: जंतू ईएसबीएलवाला, म्हणजे सेफ्ट्रायॅक्सोन फोडणारं एंझाइम असलेला, निघाला तर? रिपोर्टने सांगितलं, नाही निघाला. प्रश्न संपला, तर उत्तर कशाला चालू ठेवायचं.

नुकसान किडनीत दिसत नाही, आतड्यात होतं. ज्या जंतूवर औषध चाललंय तो थोडा, आतड्यात राहणारे अब्जावधी. मेरोपेनेम त्यातले बहुतेक अनएरोब, म्हणजे ऑक्सिजनविना जगणारे जंतू, आणि साधे ग्रॅम-निगेटिव्ह साफ करतं. रिकाम्या जागेत वॉर्डातला मेरोपेनेमसारख्या कार्बापेनेमला न जुमानणारा क्लेबसिएला बसतो. आपल्याकडे एनडीएम आणि ऑक्सा-४८ ही कार्बापेनेम फोडणारी एंझाइमं घेऊन फिरणारे ते क्लेबसिएला कमी नाहीत. बाई तो पोटात घेऊन केजला जाणार. महिन्याभराने पुन्हा लघवीत जंतुसंसर्ग झाला तर तोच वर येऊ शकतो, आणि मग हाताशी कोलिस्टिनसारखं काहीतरी उरतं. शेजारच्या बेडलाही तो जातो, हातावरून, कॅथेटरवरून.

सेफ्ट्रायॅक्सोनही साधुसंत नाही. पित्तातून आतड्यात भरपूर उतरतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत तेही 'वॉच', म्हणजे जपून वापरायच्या गटात आहे. सेफाझोलिन तपासलं असतं आणि एस आलं असतं तर मी तेच सुचवलं असतं, ते 'अॅक्सेस' गटात येतं. पण आमच्यासारखंच तुमच्याही लॅबच्या कार्डावर ते नसावं. जे तपासलंय त्यातून निवडायचं.

---

गोदाकाठचा
मंगळवार, दुपारी २:३०

एमआयसीचं पटलं. पण पिपटॅझवर अजून ठाम आहे. तेही एस आहे आणि मेरोपेनेमपेक्षा खालचं आहे.

---

पेट्रीडिश
मंगळवार, रात्री ९:१०

खालचं कशाच्या? ही शिडी कुणी बनवली? पिपटॅझ स्यूडोमोनास झाकतं, एंटेरोकॉकस झाकतं, अनएरोब झाकतं. या बाईंना यातलं एकही नाही. आतड्यातल्या अनएरोबचं जे नुकसान टाळायला मेरोपेनेम काढलं, तेच पिपटॅझ करत राहणार. त्यात दिवसाला तीन-चार डोस आणि आधीच चढलेलं क्रिएटिनिन. सेफ्ट्रायॅक्सोन एस आहे हे कळल्यावर मधली पायरी घ्यायला कारण उरत नाही.

उलटी केस घे. समजा सेफ्ट्रायॅक्सोन आर आलं असतं, म्हणजे बहुधा ईएसबीएल, आणि पिपटॅझ एस. तेव्हा बरेच जण 'कार्बापेनेम वाचवायचं' म्हणून पिपटॅझवर उतरतात. रक्तातल्या संसर्गात ते महागात पडतं. २०१८ चा मेरिनो अभ्यास नेमका याच प्रश्नावर होता: सेफ्ट्रायॅक्सोनला न जुमानणारे ई. कोलाय आणि क्लेबसिएला, पण पिपटॅझला एस. तीस दिवसांतले मृत्यू पिपटॅझच्या गटात १२.३ टक्के, मेरोपेनेमच्या ३.७. नंतर त्या जंतूंच्या एमआयसी पुन्हा तपासल्यावर फरक थोडा आकसला, पण पिपटॅझ बरोबरीचं आहे असं म्हणण्याइतका नाही. तेव्हा ईएसबीएल असता तर एर्टापेनेमवर आले असते. तेही कार्बापेनेमच, पण स्यूडोमोनास आणि असिनेटोबॅक्टरवर चालत नाही, म्हणून तेवढं अरुंद. दिवसातून एकदा १ ग्रॅम.

म्हणजे तुमच्या एकाच पेशंटमध्ये पिपटॅझ दोन्ही बाजूंनी चुकीचं: जंतू साधा असेल तर गरजेपेक्षा रुंद, ईएसबीएल असेल तर भरवशाचं नाही.

---

परळीचा मेडिकलवाला
मंगळवार, रात्री १०:०५

मी दुकानदार माणूस, डी फार्म. पण एक सांगतो. तुम्ही लोक सात दिवसांवर आलात ते मला खटकायलंय. आम्ही काउंटरवर वीस वर्षं एकच सांगत आलो, कोर्स पूर्ण करा, अर्ध्यात सोडलं की जंतू रेझिस्टंट होतो. आता डॉक्टरच कोर्स अर्धा करायलेत. गिऱ्हाईक आधीच तीन गोळ्या मागतं, त्याला काय सांगू?

दुसरं, बाईंना घरी पाठवताना सेफिक्झिम २०० सकाळ-संध्याकाळ द्या की. तीही थर्ड जनरेशन, हीही थर्ड जनरेशन. इंजेक्शनचीच गोळी.

---

पेट्रीडिश
मंगळवार, रात्री ११:३०

भाऊ, आधी दुसरं घेते, कारण फार्मकॉलॉजीची पोरं नेमकी इथे घसरतात.

पिढी एक असली म्हणून गोळी इंजेक्शनच्या जागी बसत नाही. सेफिक्झिम तोंडातून घेतलेलं निम्मंच शोषलं जातं. २०० मिलिग्रॅमच्या गोळीनंतर रक्तातली सर्वांत वरची पातळी साधारण २ मिलिग्रॅम प्रति लिटर. ६५ टक्के प्रथिनांना चिकटलेलं, मोकळं ०.७. वर सेफ्ट्रायॅक्सोनचा हिशोब केला होता, त्यात चोवीस तासांनंतर उरलेलं मोकळं औषध ०.७५ होतं. म्हणजे सेफिक्झिमचं शिखर सेफ्ट्रायॅक्सोनच्या तळाशी येऊन मिळतं, आणि तिथून तीन-चार तासांच्या अर्धायुष्याने ते घसरतच जातं. मूत्राशयातल्या साध्या संसर्गात लघवीत औषध साठतं म्हणून निभावतं. रक्तात जंतू सापडलेल्या पेशंटला मी ते देणार नाही.

रक्तातल्या संसर्गात गोळीवर यायचं तर जी नीट शोषली जाते ती घ्यायची. कोट्रायमॉक्साझोल ८५ टक्क्यांच्या वर, लेव्होफ्लॉक्सासिन जवळजवळ पूर्ण. बाईंचा जंतू सिप्रोला आर आहे म्हणून क्विनोलोन बाद. नायट्रोफ्युरँटॉइन एस आलं तरी उपयोग नाही, रक्तात आणि किडनीच्या मांसात ते पुरेसं पोचतच नाही.

कोर्सचं उद्या लिहिते, ते मोठं आहे.

---

आण्णा औसेकर
बुधवार, सकाळी ६:२०

नमस्कार. मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, निवृत्त शिक्षक आहे, वय ६८. दिवाळीच्या आधी मला लघवीचा असाच जंतुसंसर्ग झाला, ताप १०३. एका खासगी दवाखान्यात १४ दिवस गोळ्या दिल्या. इथे वाचतो तर ७ दिवस पुरतात म्हणे. म्हणजे माझ्या खिशाला ७ दिवसांची कात्री उगीच लावली काय? त्यांना जाऊन जाब विचारावा का?

---

हिंगोलीचा फिजिशियन
बुधवार, सकाळी ८:१५

आण्णा, जाब विचारू नका. तुमची गोष्ट वेगळी आहे. पुरुषाला लघवीच्या संसर्गात ताप आला की प्रोस्टेटही त्यात असते असं धरून चालायचं, आणि प्रोस्टेटमध्ये औषध सहजी शिरत नाही. फ्रान्समध्ये तापासह संसर्ग झालेल्या पुरुषांना ऑफ्लॉक्सासिन ७ आणि १४ दिवस देऊन पाहिलं, २०२३ मध्ये निकाल आला. ७ दिवस स्पष्टपणे कमी पडले. ताप नसलेल्या पुरुषांत ७ पुरतात, ते वेगळ्या अभ्यासात दिसलंय. तुम्हाला १०३ होता. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलं.

पोरांनो, हेही टिपून ठेवा. 'यूटीआयला इतके दिवस' असा एक आकडा नसतो.

---

आण्णा औसेकर
बुधवार, सकाळी ८:४०

आभारी आहे. प्रोस्टेटचं त्यांनी सांगितलं असतं तर मी इथवर आलोच नसतो.

---

पेट्रीडिश
बुधवार, रात्री ९:४५

परळीकर भाऊंच्या पहिल्या प्रश्नावर.

अर्ध्यात सोडलं की रेझिस्टन्स येतो, हे टीबीत खरं आहे. तिथे जंतू स्वतःच औषध चालू असताना बदलतो, म्हणून सहा महिने आणि एकत्र चार औषधं. ई. कोलायच्या अशा संसर्गात गोष्ट निराळी आहे. किडनीतला जंतू मेल्यावर पुढच्या सात दिवसांच्या गोळ्या त्याच्यावर चालतच नाहीत, तो उरलेलाच नसतो. त्या चालतात आतड्यातल्यांवर. औषध जितके दिवस जास्त, तितकी तिथली निवड जास्त. म्हणजे इथे रेझिस्टन्स कोर्स लांबवल्याने वाढतो.

पण याचा अर्थ गिऱ्हाइकाने बरं वाटलं की तीन गोळ्यांवर थांबावं असा नाही. काउंटरवर 'डॉक्टरने लिहिलंय तेवढे दिवस घ्या' हेच सांगा. बदलायचंय ते लिहिणाऱ्याच्या पेनातलं.

आता सात का. २०१९ मध्ये इस्रायल आणि इटलीतला एक अभ्यास छापून आला. ग्रॅम-निगेटिव्ह जंतू रक्तात असलेले ६०४ पेशंट, अर्ध्यांना ७ दिवस, अर्ध्यांना १४. मृत्यू, पुन्हा संसर्ग, पुन्हा भरती, असं सगळं मिळून नव्वद दिवसांनी मोजलं: ४५.८ टक्के आणि ४८.३ टक्के. मग २०२४ मध्ये बॅलन्स नावाचा मोठा अभ्यास आला, सात देशांतले ३६०८ पेशंट. नव्वद दिवसांतले मृत्यू ७ दिवसांच्या गटात १४.५ टक्के, १४ दिवसांच्या गटात १६.१. लहान कोर्सने माणसं जास्त दगावली नाहीत.

निकालापेक्षा कुणाला वगळलं होतं ते आधी वाचा. बॅलन्समध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियसवाले नव्हते. प्रतिकारशक्ती फारच कमी असलेले नव्हते. हृदयाच्या झडपेचा संसर्ग किंवा न काढलेला पू असलेले नव्हते. पहिल्या अभ्यासात तर सातव्या दिवशी ४८ तास ताप नसलेले आणि बीपी स्थिर असलेलेच घेतले होते. म्हणजे ७ हा आकडा सगळ्यांना बसत नाही; ज्याचा उगम साफ झालाय, अडथळा नाही आणि जो सुधारतोय, अशा पेशंटचा तो आकडा आहे. केजच्या बाई त्यात चपखल बसतात. याच वॉर्डात रक्तात स्टॅफ ऑरियस असलेला पेशंट असेल तर त्याला कमीत कमी १४ दिवस, आणि बहुतेकदा चार ते सहा आठवडे. त्याच्यावर हे लावू नका.

---

मांजराकाठची
बुधवार, रात्री १०:२०

आमच्या बॅचमध्ये आता भांडण दिवस कुठून मोजायचे यावर आहे. एक जण म्हणतो सेफ्ट्रायॅक्सोनपासून सात. तसं केलं तर मेरोपेनेमचे धरून नऊ-दहा होतात.

---

पेट्रीडिश
बुधवार, रात्री १०:४१

जंतूवर लागू पडणारं पहिलं औषध ज्या दिवशी सुरू झालं तो पहिला दिवस. औषधाचं नाव बदललं म्हणून घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. बाईंचा जंतू मेरोपेनेमला एस आहे, तेव्हा भरती झाल्या तो दिवस पहिला.

दोन अपवाद. पहिल्या रात्री सिप्रो दिलं असतं तर ते दिवस मोजायचे नव्हते, कारण जंतू आर निघाला. आणि मूत्रवाहिनीत खडा अडकलेला असता तर डीजे स्टेंट टाकून वाट मोकळी केली त्या दिवसापासून मोजायचं. अडलेल्या लघवीत औषधाचे दिवस मोजून उपयोग नसतो.

---

हिंगोलीचा फिजिशियन
गुरुवार, सकाळी ७:५०

सगळं वाचलं, चांगलं चाललंय. पण एक कडू गोष्ट बोलतो. हे सगळं कल्चर आल्यावरचं आहे. माझ्याकडे तीसेक बेडचं हॉस्पिटल, ब्लड कल्चरची बाटली नांदेडला पाठवतो, रिपोर्ट चौथ्या-पाचव्या दिवशी हातात येतो. आणि पेशंट येतो तेव्हा गावात त्याला दोन-तीन इंजेक्शनं टोचलेली असतात, त्यातलं एक सेफ्ट्रायॅक्सोन. कल्चर कोरं येतं. मग मी कशाच्या आधारावर खाली उतरू? मेरोपेनेमवर ताप उतरलेला पेशंट पाचव्या दिवशी कोऱ्या कल्चरवर सेफ्ट्रायॅक्सोनवर टाकायला माझी छाती होत नाही. बिघडला तर नातेवाईक मला धरणार, तुमचा बॅलन्स अभ्यास नाही.

---

पेट्रीडिश
गुरुवार, दुपारी २:१०

डॉक्टर, याला माझ्याकडे स्वच्छ उत्तर नाही. एवढं सुचवू शकते. लघवीचं कल्चर पहिल्या डोसच्या आधी, पाच मिनिटांत होतं, बाटली लागत नाही. या आजारात तोच जंतू तिथे बहुतेकदा सापडतो आणि जिल्ह्याच्या ठिकाणी दोन दिवसांत रिपोर्ट मिळतो. ईएसबीएलची शंका राहिलीच तर मेरोपेनेमऐवजी एर्टापेनेम, किंवा किडनी ठीक असेल आणि जंतू एस असेल तर अॅमिकासिन. आणि औषध अरुंद करता आलं नाही तरी दिवस कमी करता येतात. कोऱ्या कल्चरवर मेरोपेनेम १४ दिवस चालवण्यापेक्षा सातव्या दिवशी थांबवणं, पेशंट बरा असेल तर, तुमच्या हातात आहे.

---

हिंगोलीचा फिजिशियन
गुरुवार, दुपारी ३:००

दिवसांचं जमेल. अॅमिकासिन नाही, आमच्याकडे प्रत्येक दुसऱ्या पेशंटचं क्रिएटिनिन आधीच वर असतं.

---

मांजराकाठची
गुरुवार, रात्री ९:३०

ताजी खबर. बाईंचा आज पाचवा दिवस. ताप नाही, जेवतायत, क्रिएटिनिन १.१. घरी जायची घाई लागलीय, गुरं बघायला कुणी नाही म्हणतात. रजिस्ट्रार म्हणाले कोट्रायमॉक्साझोल डीएस, सकाळ-संध्याकाळ एक, देऊन उरलेले दोन दिवस घरी. सरांनी ऐकून नुसतं विचारलं, 'त्यांच्या गोळ्या बघितल्या का?' आणि आम्हाला ते शोधायला सांगितलं. मीरा, मदत कर.

---

नांदेडची मीरा
गुरुवार, रात्री १०:१०

दोन ठिकाणी अडकतं. टेल्मिसार्टनने पोटॅशियम आधीच थोडं वर राहतं. ट्रायमेथोप्रिम किडनीच्या शेवटच्या नळीत सोडियमची वाट अडवतं, अमिलोराइडसारखं, त्यामुळे पोटॅशियम आणखी चढतं. दुसरं, सल्फामेथॉक्साझोल ग्लिमेपिराइडचं विघटन सीवायपी२सी९ या यकृतातल्या एंझाइमवर अडवतं आणि शुगर खाली जाऊ शकते. नुकत्याच आजारातून उठलेल्या, कमी जेवणाऱ्या बाई, घरी एकट्या. तिसरं छोटं: ट्रायमेथोप्रिम क्रिएटिनिन नळीतून बाहेर टाकू देत नाही, म्हणून दोन दिवसांनी तपासलं तर ते वाढलेलं दिसेल आणि कुणीतरी किडनी बिघडली म्हणून घाबरेल.

---

गोदाकाठचा
गुरुवार, रात्री १०:३५

दोनच दिवस आहेत. ग्लिमेपिराइड दोन दिवस बंद ठेवा, पोटॅशियम आज बघून घ्या, नॉर्मल असेल तर सोडा. एवढ्यासाठी बेड अडवायचा?

---

पेट्रीडिश
गुरुवार, रात्री ११:१५

जेआर साहेबांचं हे चुकीचं नाही. मी असते तर केजच्या ग्रामीण रुग्णालयात सेफ्ट्रायॅक्सोनचे दोन डोस लिहून दिले असते, दिवसातून एकदाच आहे, बाई जाऊन घेऊन येतील. पण गोळीचाही मार्ग आहे, पोटॅशियमचा आकडा हातात असेल तर. सरांनी काय केलं ते कळव.

---

मांजराकाठची
शुक्रवार, रात्री ८:५०

पोटॅशियम ५.२ आलं. गोळी रद्द झाली. बाई ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी घेऊन दुपारच्या एसटीने गेल्या. रजिस्ट्रार अजून म्हणतात की टेल्मिसार्टन दोन दिवस थांबवून गोळी चालली असती.

सातव्या दिवसानंतर लघवीचं कल्चर पुन्हा करून जंतू गेल्याची खात्री करायची का? चिठ्ठीवर तसं काही नाही.

---

पेट्रीडिश
शुक्रवार, रात्री ९:३०

त्रास नसेल तर नाही. मधुमेही बाईंच्या लघवीत काही लक्षण नसताना जंतू सापडणं नेहमीचं आहे. कल्चर केलं की काहीतरी उगवणार, उगवलं की कुणीतरी औषध लिहिणार. ताप, कुशीत दुखणं, जळजळ, यातलं काही परतलं तरच, आणि तेव्हा सोनोग्राफीही पुन्हा.

---

परळीचा मेडिकलवाला
शुक्रवार, रात्री १०:००

आमच्याकडे तर लोक बरं झाल्यावरच रिपोर्ट काढायला जातात, मॅडम. आणि तो घेऊन थेट काउंटरवर येतात.